मोठी रक्कम इक्विटी फंडात टाकताना या चुका टाळा

पगारातून दरमहा एसआयपी करणाऱ्यापुढे निवड नसतेच, पैसे येतील तसे तो गुंतवतो. जागा विकून बारा लाख एकदम हाती आलेल्याची गोष्ट वेगळी. एसआयपीचे फायदे त्याला जसेच्या तसे लावणं ही पहिली चूक. त्याने रक्कम बारा महिन्यांत विभागली, तर वर्षभर सरासरी निम्मे पैसे बाजाराबाहेर बसतात. बाजार दरमहा 1 टक्का चढत गेला, तर एकरकमी बारा लाखांचे वर्षअखेरीस 13.52 लाख होतात. हप्त्यांनी 12.81 लाख, शिवाय थांबलेल्या पैशांवरचं थोडं व्याज. बाजार पडण्यापेक्षा चढण्याची वर्षं जास्त असतात, त्यामुळे बहुतेक वेळा एकरकमी पुढे राहते. हप्ते म्हणजे पडझडीविरुद्धचा विमा, आणि ही त्याची किंमत.

खरा घोटाळा मात्र विमा घेऊन तो ऐनवेळी सोडून देण्यात आहे.

समजा, फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, 100 वर असताना दरमहा एक लाखाचे हप्ते सुरू केले. ती दरमहा पाचने उतरत सातव्या हप्त्याला 70 वर आली आणि तशीच चढत वर्षअखेरीस पुन्हा 100 झाली. एकरकमी टाकले असते तर बारा लाखांचे बाराच राहिले असते. सगळे हप्ते भरणाऱ्याकडे 14.28 लाख जमतात.

आता यातला नेहमीचा माणूस बघा. पाच हप्ते गेले, एनएव्ही 75 वर आली आणि तो म्हणाला, ‘जरा स्थिरावू दे.’ स्थिरावलं असं त्याला वाटलं ते 95 वर, तेव्हा उरलेले सात लाख त्याने एकदम टाकले. हाती आले 12.96 लाख. सुमारे 1.32 लाख गेले, कारण सगळा फायदा त्याच हप्त्यांत होता, जे भरताना हात थरथरतो. म्हणून तारखा आणि रक्कम आधीच ठरवा, ट्रान्सफर आपोआप होईल अशी सूचना देऊन ठेवा. ‘पडलं तर थांबेन’ असा विचार आत्ताच मनात येत असेल, तर हप्त्यांचा मार्ग तुमच्यासाठी नाही.

हप्ते तीन वर्षं लांबवणं हीदेखील चूकच. सहा ते बारा महिने पुरे. थांबलेले पैसे तोवर लिक्विड फंडात, म्हणजे अगदी अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या फंडात ठेवा, बचत खात्यात नको.

आणि एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे: हप्त्यांनी जोखीम कायमची कमी होते. तसं नाही. बाराव्या हप्त्यानंतर सगळे पैसे बाजारात असतात. तेराव्या महिन्यात बाजार 30 टक्के पडला, तर दोघांनाही तेवढाच फटका. ती पडझड झेपणार नसेल, तर हप्ते वाढवून उपयोग नाही, इक्विटीतला हिस्साच कमी ठेवावा लागेल. उलट ही रक्कम तुमच्या आधीच्या गुंतवणुकीच्या दहाव्या भागाएवढीच असेल, तर बाजार आणखी पडेल का, याची चर्चा करत बसू नका. सरळ एकदम टाका.