चौक आखताना सुरुवात कडेपासून करावी

तालुक्याच्या गावातला, साधारण ४० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असा चौक येथे गृहीत धरला आहे. त्याच्या पश्चिमेला वाहता रस्ता आहे, पूर्वेला आणि दक्षिणेला दुकाने आहेत आणि उत्तरेला शाळेची भिंत आहे. मोजणी झालेली आहे, बाजाराच्या दिवशी आणि एरवी लोक कुठून कुठे चालतात याची नोंद झालेली आहे, असेही मी धरून चालतो.

पहिल्यांदा मध्यभागी २५ मीटर गुणिले २० मीटर जागा मोकळी राखून ठेवावी आणि तिच्यात काहीही बसवू नये. कारंजे नको, कुंड्या नकोत, कायमचे व्यासपीठही नको. खाली बसणाऱ्या माणसाला साधारण अर्धा चौरस मीटर जागा लागते. या ५०० चौरस मीटरांपैकी तिसरा हिस्सा वाटांसाठी सोडला तरी साडेसहाशे माणसे येथे आरामात बसतात. पाणी निघून जाण्यासाठी फरशीला ऐंशीस एक असा उतार पुरतो.

आता कडेकडे वळू, कारण चौक बिघडतो तो येथेच. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी बाके मधोमध, एका गोल कारंज्याभोवती मांडली होती. नकाशावर ती रचना देखणी दिसत होती. प्रत्यक्षात बाके दिवसभर रिकामी राहत आणि लोक समोरच्या दुकानांच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसत. मी सलग काही संध्याकाळी तेथे बसून पाहिले, तेव्हा कारण ध्यानात आले. माणसाला पाठीशी आडोसा आणि डोळ्यांसमोर वर्दळ हवी असते. पाठीमागून लोक ये-जा करत असतील तर तो फार वेळ टिकत नाही. पायरीवर बसणाऱ्याच्या पाठीशी दुकान होते आणि माझ्या बाकावर बसणाऱ्याच्या चारही बाजू उघड्या होत्या.

म्हणून या चौकात मुख्य बैठक पश्चिमेच्या कडेला घ्यावी. रस्त्याच्या बाजूने सुमारे ९० सेंटिमीटर उंचीची भिंत बांधावी, तिला लागून आतल्या बाजूला ४५ सेंटिमीटर उंचीचा कट्टा काढावा आणि त्याचे तोंड चौकाकडे ठेवावे. भिंत याहून उंच करू नये, कारण रस्त्यावरून आतली माणसे दिसेनाशी झाली की संध्याकाळनंतर बायका तेथे बसत नाहीत. कट्टा सलग लांब न करता दर पाच-सहा मीटरांवर वाट सोडावी. वयस्कर माणसांसाठी काही बाके हात टेकवून उठता येईल अशी, हातांची असावीत. नुसत्या कट्ट्यावरून गुडघेदुखीच्या माणसाला उठवत नाही. दुकानांच्या बाजूला मात्र तीन मीटर रुंद चालवाट मोकळी ठेवावी, कारण पायऱ्यांवर लोक तसेही बसणारच आहेत.

सावलीबाबत बहुतेक सल्ले चुकीचे असतात, कारण ते दुपारच्या बाराचा विचार करतात. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि तेव्हा चौकात कोणी बसतही नाही. लोक येतात चारनंतर, आणि तेव्हा ऊन पश्चिमेकडून तिरपे येते. एप्रिलमध्ये पाचच्या सुमारास झाडाची सावली त्याच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट, पूर्वेकडे पडते. म्हणून कडुनिंब किंवा करंज ही झाडे कट्ट्याच्या पश्चिमेला, भिंत आणि रस्ता यांच्यामधल्या पट्ट्यात, सात-आठ मीटरांच्या अंतराने लावावीत. झाडे वाढेपर्यंत कट्ट्यावर छप्पर असावे. काळ्या दगडाचा किंवा पोलादी पत्र्याचा कट्टा मुळीच करू नये. उन्हात तापलेल्या अशा कट्ट्यावर तळहात क्षणभरही टेकवत नाही आणि दगडाचा कट्टा तर ऊन उतरल्यावरही बराच वेळ गरमच राहतो.

जुने झाड असेल तर त्याभोवती पार बांधताना विशेष जपावे. पार भरून काढायचा म्हणून खोडाभोवती दीड-दोन फूट मातीचा भराव घातला की वरच्या थरातल्या मुळांची हवा तुटते, खोडाची साल ओलीने कुजते आणि दोन-तीन वर्षांत शेंडा वाळू लागतो. झाड लगेच मरत नाही, त्यामुळे दोष कोणी पाराला देत नाही. खोडाभोवती किमान एक मीटर जागा मूळ जमिनीच्याच पातळीवर, मातीची ठेवावी आणि बैठकीचे कडे त्याच्या बाहेर, खालची मोठी मुळे न तोडता, सुट्या खांबांवर टेकवावे.

सभेचे तात्पुरते व्यासपीठ उत्तरेला शाळेच्या भिंतीशी असावे, म्हणजे संध्याकाळचे ऊन श्रोत्यांच्या डोळ्यांवर येत नाही. मंडपासाठी फरशीतच लोखंडी नळ्या पुरून त्यांना झाकणे द्यावीत, नाहीतर दर गणपतीला पहारीने नवे खड्डे पडतील. विजेची जोडणीही त्याच भिंतीत घ्यावी.

फरशीला हात लावण्याआधी ही सगळी आखणी चुन्याने जमिनीवर काढावी आणि कट्ट्याच्या जागी आठवडाभर साध्या खुर्च्या मांडाव्यात. लोक ज्या खुर्च्या उचलून दुसरीकडे नेतील, तेथला कट्टा हलवावा.