फॉर्म १६ मधला टीडीएस रिटर्नशी जुळवताना

फॉर्म १६ हातात आला की शेवटचा आकडा उचलून थेट रिटर्नमध्ये टाकू नका. आधी आयकर पोर्टलवरून २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचं पत्रक, उतरवून घ्या आणि ‘भाग अ’मधले तिमाहीचे आकडे त्याच्याशी एकेक करून ताडा. चूक बहुधा एका तिमाहीतच असते, एकूण बेरजेवरून ती कुठे आहे ते कळत नाही.

समजा, पगारपत्रकांनुसार वर्षभरात ८४,००० रुपये कापले गेले, दर तिमाहीला २१,०००. पण २६एएसमध्ये ६३,००० च दिसतात आणि जानेवारी-मार्चची नोंदच नाही. म्हणजे बहुधा कंपनीने त्या तिमाहीचं विवरण भरलेलं नाही किंवा तुमचा पॅन चुकीचा टाकला आहे. अशा वेळी रिटर्नमध्ये ८४,००० दाखवले तर उरलेल्या २१,००० चं क्रेडिट अडकतं आणि मागणीची नोटीस येऊ शकते. ६३,००० दाखवणं तर स्वतःचेच पैसे सोडणं.

त्यामुळे पगारपत्रकं जोडून अकाउंट्स विभागाला ईमेल करा आणि चौथ्या तिमाहीचं विवरण भरायला किंवा दुरुस्त करायला सांगा. दुरुस्ती तुम्हाला करता येत नाही, ती कंपनीनेच करायची असते. रिटर्नची मुदत संपायला वेळ असेल, तर २६एएसमध्ये नोंद दिसेपर्यंत थांबा.