चौरस फूट, चौरस मीटर आणि एकर: क्षेत्रफळ बदलताना गुणकाचा वर्ग का करायचा?

४० फूट × ६० फूट प्लॉट म्हणजे २४०० चौरस फूट. आता एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, म्हणून बरेच जण २४०० ला ०.३०४८ ने गुणतात आणि ७३१.५ चौरस मीटर लिहून मोकळे होतात. हे उत्तर खऱ्यापेक्षा तिपटीहून मोठे आहे. चूक कळायला दोन्ही बाजू आधी मीटरमध्ये घ्या: १२.१९२ आणि १८.२८८. त्यांचा गुणाकार २२२.९७ येतो. लांबी आणि रुंदी दोन्ही ०.३०४८ ने गुणल्या गेल्या, म्हणजे क्षेत्रफळात तो गुणक दोनदा आला. म्हणून थेट क्षेत्रफळ बदलायचे असेल तर गुणकाचा वर्ग घ्या:

०.३०४८ × ०.३०४८ = ०.०९२९०३

२४०० × ०.०९२९०३ = २२२.९७ चौरस मीटर.

उलट जाताना एक मीटर म्हणजे ३.२८०८४ फूट, त्याचा वर्ग १०.७६३९. चौरस मीटरला याने गुणले की चौरस फूट मिळतात.

वर्ग करण्याआधी गुणक कापू नका. ०.३०४८ ऐवजी ०.३ घेतले तर लांबीत जेमतेम दीड टक्क्याची चूक होते, पण वर्ग केल्यावर ती तीन टक्क्यांवर जाते. एका एकरात ही तूट सुमारे १२६ चौरस मीटर, म्हणजे एका गुंठ्याहून जास्त भरते. आकडे जवळच्या पूर्णांकात आणायचे ते शेवटच्या उत्तरात.

एकराचा हिशेब गुंठ्यावरून करणे सर्वांत सोपे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस: ३३ × ३३ = १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. तीच बाजू मीटरमध्ये १०.०५८४, तिचा वर्ग १०१.१७. म्हणून गुंठा १०१.१७ चौरस मीटर आणि एकर ४०४६.८६ चौरस मीटर. वरचा प्लॉट २४०० ÷ १०८९ = २.२ गुंठे, किंवा २४०० ÷ ४३,५६० = ०.०५५ एकर.

मोजणी फूट-इंचांत असेल तर इंचांना आधी १२ ने भागा. ३३ फूट ६ इंच म्हणजे ३३.५ फूट, ३३.६ नव्हे.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे असते. तिथे ०.४०.०० दिसले की अनेकजण ‘४० गुंठे, म्हणजे एक एकर’ असे धरतात. पण आर म्हणजे १० मीटर बाजूचा चौरस, १०० चौरस मीटर. गुंठ्याची बाजू त्याहून सुमारे ६ सेंटीमीटर मोठी आहे. म्हणून ४० आर म्हणजे ४००० चौरस मीटर, ३९.५४ गुंठे. पूर्ण एकराच्या दराने पैसे मोजले तर सुमारे ५०४ चौरस फूट जागेचे पैसे जादा जातात. तेव्हा व्यवहाराआधी सातबाऱ्यावरचे क्षेत्र चौरस मीटरमध्ये काढा, ४०४६.८६ ने भागा आणि आलेल्या एकरांना दराने गुणा.