उघड्या मॅनहोलबद्दल संपादकांना पत्र लिहिताय? या चुका टाळा

‘आमच्या विभागातील नागरिक त्रस्त असून प्रशासन झोपेचे सोंग घेऊन बसले आहे.’ मुंबईत पावसाळ्यात लिहिलेली किती तरी पत्रं अशी सुरू होतात. राग खरा असतो, पण मॅनहोल कुठे आहे हे तिसरा परिच्छेद आला तरी कळत नाही. पत्रांचं पान लावणाऱ्याला दीडशे-दोनशे शब्दांत बसवायचं असतं, त्यामुळे कात्री लागते ती बहुधा शेवटाला. म्हणजे पत्ता जातो आणि संताप छापला जातो. असं कात्रण पालिकेच्या विभाग कार्यालयातल्या अभियंत्याच्या टेबलावर पोहोचलं, तरी तो कामगार पाठवणार कुठे?

म्हणून पहिल्या वाक्यातच जागा, वस्तू आणि तारीख येऊ द्या. एका शाळेसमोरच्या मॅनहोलचं उदाहरण घेऊ. मजकूर असा असावा:

‘महोदय, अमुक मार्गावर शाळेच्या मुख्य फाटकासमोर, पदपथाला लागून असलेल्या मॅनहोलचे झाकण ३ जुलैपासून नाही. ४ जुलै रोजी पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार केली. तक्रार क्रमांक अमुक. दुसऱ्या दिवशी तेथे बांबू रोवून फांदी बांधण्यात आली. आज, १४ जुलैला, स्थिती तीच आहे. पाणी साचले की हे तोंड दिसत नाही आणि मुले याच कडेने चालतात. विभाग कार्यालयाने झाकण आणि त्याखाली संरक्षक जाळी तातडीने बसवावी.’

यात रागाचं एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

तक्रार न नोंदवताच पत्र पाठवणं ही दुसरी मोठी चूक. मग ‘आमच्याकडे तक्रारच आलेली नाही’ या एका ओळीत विषय मिटतो. आधी १९१६ला फोन करा, क्रमांक लिहून घ्या, थोडे दिवस द्या आणि मगच लिहा.

मॅनहोल कोणाचं, हेही बघावं लागतं. पावसाच्या पाण्याचं असेल तर पर्जन्य जलवाहिन्या विभाग, सांडपाण्याचं असेल तर मलनिःसारण विभाग, आणि आत केबली असतील तर ते पालिकेचं नसून एखाद्या वीज किंवा दूरध्वनी कंपनीचं असू शकतं. चुकीच्या विभागावर ठपका ठेवलात तर पत्र टोलवायला आयतं निमित्त मिळतं. त्याच रांगेतल्या शेजारच्या झाकणावर अक्षरं असली तर ती वाचा. नसतील तर खात्याचं नाव न घेता विभाग कार्यालयालाच उद्देशून लिहा. खात्री करायला वाकून आत बघायला मात्र जाऊ नका.

मागणीत बहुतेक जण झाकणावर थांबतात. लोखंडी झाकणं चोरीला जातात, शिवाय पाणी लवकर ओसरावं म्हणून लोक स्वतःच ती उघडतात. २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात डॉ. दीपक अमरापूरकर यांचा जीव गेला तो अशाच, पाणी जावं म्हणून उघडलेल्या मॅनहोलमध्ये पडून. झाकण निघालं तरी माणूस आत जाऊ नये यासाठी जाळी असते. ती मागितल्याशिवाय पत्र पुरं होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

‘ठेकेदाराने पैसे खाल्ले’ हे वाक्य पुरावा नसेल तर गाळाच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६खाली बदनामी गुन्हा आहे, आणि त्या एका वाक्यापायी संपादक अख्खं पत्र बाजूला ठेवू शकतो. जे दिसलं तेवढंच लिहा.

आता इंग्रजी सारांशाचं. सोसायटीतले अमराठी शेजारी किंवा इंग्रजी दैनिकाचा वार्ताहर यांच्यासाठी तो उपयोगी पडतो, पण अनेक जण सगळं पत्रच भाषांतरित करतात. तीन वाक्यं पुरतात: कुठे काय आणि कधीपासून, तक्रार कधी केली व तिचा क्रमांक, आणि नेमकी मागणी. मराठीत नसलेला आरोप तिथे घुसवू नका. रस्त्याचं स्पेलिंग पालिकेच्या पाटीवर आहे तेच ठेवा. तारखेतला महिना अक्षरात लिहा, कारण आकड्यांत ३ जुलैची कोणी ७ मार्च करतं. सारांश पत्राच्या खाली, वेगळा ठेवा. मराठी दैनिक तो सहज वगळू शकेल.

पाठवताना मजकूर ईमेलमध्येच युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टातली फाइल समोरच्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडते. स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता आणि फोन द्या. नाव छापायचं नसेल तर तसं स्पष्ट कळवा. आणि पत्र छापून येण्याआधीच झाकण बसलं, तर संपादकांना लगेच कळवून पत्र मागे घ्या किंवा जाळीपुरतं बदलून द्या.