सोलापूरच्या उन्हात पाकिटावरची तारीख: या चुका टाळा

जुळे सोलापुरात माझं किराणा दुकान आहे. मे महिन्यात रोज एखादं तरी गिऱ्हाईक विचारतं, "काय ओ अण्णा, तारीख संपायला आलेलं स्वस्तात आहे का काही?" असतं. तारीख संपण्याआधी माल निघाला तर आमचाही फायदा, कारण उरलेला माल प्रत्येक कंपनी परत घेतेच असं नाही. पण ते अर्ध्या किमतीचं पाकीट घेताना लोक ज्या चुका करतात, त्या काउंटरच्या आतून फार स्पष्ट दिसतात.

चूक पहिली: उत्पादनाची तारीख हीच शेवटची तारीख समजणं

पाकिटाच्या मागे शिवणीजवळ काळ्या ठिपक्यांच्या शाईत दोन-तीन ओळी असतात. MFD किंवा PKD म्हणजे माल बनवला किंवा भरला तो दिवस. USE BY किंवा EXP म्हणजे शेवटचा दिवस. तिसरी ओळ BEST BEFORE ची असते, कधी नसतेही. 2020 च्या लेबलिंग नियमांत उत्पादनाची तारीख आणि यूज बाय किंवा एक्सपायरी सक्तीची झाली, बेस्ट बिफोर ऐच्छिक राहिली.

फरक साधा आहे. बेस्ट बिफोरपर्यंत चव, वास, कुरकुरीतपणा कंपनीने सांगितल्यासारखा राहतो. ती उलटली म्हणून बिस्कीट लगेच विषारी होत नाही, मऊ पडेल इतकंच. यूज बाय उलटली की मात्र तो माल विकायचाच नसतो, आणि घरात सापडला तर खायचाही नाही. दोन्ही तारखा छापलेल्या असतील तर शेवटचा निर्णय यूज बायचा.

"पॅकिंगपासून 4 महिने" असं लिहिलेलं असेल तर बोटावर मोजा. दिवस आधी, महिना नंतर, ही आपल्याकडची पद्धत. 05/11 म्हणजे 5 नोव्हेंबर. परदेशातून आलेल्या चॉकलेटवर मात्र महिना आधी असू शकतो. तिथे घाईत घेऊ नका.

चूक दुसरी: तारीख बघायची, पण पाकीट कुठे टांगलं होतं ते नाही

ही चूक सगळ्यात महागात पडते. पाकिटावर बारीक अक्षरात "थंड व कोरड्या जागी ठेवा" असं लिहिलेलं असतं आणि छापलेली तारीख त्या अटीवर उभी असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-44 ला टेकतो. पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नका.

शेंगदाण्याची चटणी घ्या. सोलापूरची म्हणून पाहुणे आवर्जून नेतात ती. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं, आणि चटणीसाठी ते कुटलेलं असल्यामुळे तेलाला हवा लागायला भरपूर जागा मिळते. हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता मिळून ते खवट करतात. ढोबळ हिशेब असा, की तापमान 10 अंशांनी वाढलं की हा वेग अंदाजे दुप्पट होतो. म्हणजे 25 अंशांत चार महिने टिकणारी चटणी 45 अंशांत एका महिन्यातच त्या अवस्थेला येऊ शकते. पाकिटावरची तारीख तशीच राहते, आतलं तेल राहत नाही.

परवाचीच गोष्ट. तारीख 18 मे. एका मावशींनी दुसऱ्या एका दुकानातून तीन पाकिटं आणली होती आणि मला दाखवायला आल्या. प्रत्येकी 200 ग्रॅम, छापील किंमत 80, मिळाली 40 ला. पॅकिंग 10 फेब्रुवारी, "पॅकिंगपासून 4 महिन्यांत वापरा". म्हणजे 10 जूनपर्यंत, हातात 23 दिवस. त्यांच्या घरी 200 ग्रॅम दहा दिवसांत संपतं. तेव्हा दोन पाकिटं आरामात, तिसरं तारखेत संपणार नाही. हा हिशेब त्यांनी केलाच नव्हता, कारण निम्म्या किमतीचा आनंद मोठा होता.

मी विचारलं, "मावशी, पाकिटं कुठं टांगली होती?" म्हणाल्या, दुकानाच्या दारात, तारेला, ऊन येतं तिथं. मग आम्ही एक पाकीट उघडलं. चिमूटभर चटणी दोन बोटांत चोळून वास घेतला. चांगल्या चटणीला भाजलेल्या दाण्यांचा आणि लसणाचा वास येतो. हिला आधी लसूण आला आणि मागून जुन्या तेलाचा, रंगाच्या डब्यासारखा वास. जिभेवर ठेवल्यावर शेवटी घशाशी कडवट लागली. तारीख 23 दिवस पुढे होती आणि चटणी गेलेली होती. उरलेली दोन्ही त्यांनी बिलासह परत केली आणि पैसे मिळाले.

म्हणून आतल्या कपाटातलं, सावलीतलं पाकीट मागा. पाकिटाच्या बाहेरून तेल झिरपलेलं दिसलं तर घेऊच नका. आणलेलं फ्रीजमध्ये हवाबंद डब्यात ठेवलं तर खवटपणा लांबतो. पण बुरशी दिसली तर वरचा भाग काढून खाली खाण्याचा विचार करू नका. शेंगदाण्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजून किंवा तळूनही सहजासहजी जात नाही.

चूक तिसरी: सगळ्याचीच परीक्षा नाकाने करणं

वर मी स्वतःच वास घ्यायला सांगितलं, पण तो तेलकट आणि कोरड्या मालापुरता. दूध, पनीर, शिजवून थंड ठेवलेले पदार्थ यांना नाक पुरत नाही. लिस्टेरियासारखे काही जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतात आणि वास बदलत नाहीत. अशा मालाची यूज बाय ओलांडू नका, आणि गरोदर बाई किंवा तान्हं मूल असलेल्या घरात तर शेवटच्या दिवसाचं पनीर स्वस्त असलं तरी सोडून द्या.

पनीरचं सीलबंद पाकीट फुगलं असेल तर आत जंतूंनी वायू केलाय, ते घेऊ नका. वेफर्सचं पाकीट मात्र मुद्दाम नायट्रोजन भरून फुगवलेलं असतं, तिथे फुगणं ठीक आणि चपटं असणं संशयास्पद.

आणि पाकीट फोडलं की छापलेली तारीख लागू राहत नाही. सहा महिने टिकणारं टेट्रापॅकचं दूधसुद्धा उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावं लागतं.

आता आमच्या धंद्यातलं एक गुपित. रॅकवर जुना माल पुढे आणि नवा मागे, असं आम्ही लावतो. हात मागे घाला, कुणी रागावत नाही. रागावलं तर दुकान बदला. ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी 2024 च्या अखेरीस FSSAI ने ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलंय, की माल पोहोचवताना किमान 30 टक्के आयुष्य किंवा 45 दिवस शिल्लक असावेत. तेव्हा दारात आलेलं पाकीट तिथेच उलटून बघा.

तारखेवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं किंवा शाई पुसलेली दिसली तर घासाघीस करत बसू नका. पाकीट, बिल आणि बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या इथल्या कार्यालयात किंवा FSSAI च्या 1800112100 या क्रमांकावर कळवा. पाकीट फेकून दिलं की दाखवायला काही उरत नाही, म्हणून उघडलेलंही रबर लावून बाजूला ठेवा.