धान्यात गोळ्या ठेवताना होणाऱ्या या चुका टाळा

लातूर भागातल्या गोदामांमध्ये धान्याला धुरी देण्याच्या कामात माझी वीसहून अधिक वर्षे गेली आहेत, आणि दर वर्षी मृगाचा पहिला पाऊस पडला की मला एकाच प्रश्नाचे फोन येऊ लागतात: "ज्वारीला सोंडे लागलेत, पोत्यात किती गोळ्या टाकू?" माझे उत्तर दर वेळी एकच असते, की घरात एकही नाही. ते ऐकून पुष्कळ जण नाराज होतात आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारतात.

ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. नेहमीची गोळी ३ ग्रॅमची असते, आणि हवेतला व धान्यातला ओलावा लागला की ती हळूहळू फुटून तिच्यातून सुमारे १ ग्रॅम फॉस्फिन वायू बाहेर पडतो. किडे या वायूने मरतात, गोळीने नव्हे. लोकांची पहिली चूक इथेच होते. गोळी फडक्यात बांधून पोत्यात ठेवली म्हणजे औषध पोत्यातच राहिले, अशी त्यांची समजूत असते, पण वायूला फडके आणि तागाचे पोते दोन्ही सारखेच. तो भिंतीच्या भेगांतून, दाराच्या फटीतून आणि माळवदाच्या सांध्यांतूनही शेजारच्या खोलीत जातो.

बीड जिल्ह्यातल्या माझ्या एका नातलगाच्या घरी जे घडले, ते सविस्तर सांगतो. आत धान्याची खोली, तिला लागून माजघर, मध्ये एक लाकडी दार. जूनमध्ये पाऊस लागला, ज्वारीत सोंडे दिसले, म्हणून त्यांनी तालुक्याच्या एका दुकानातून सुट्या गोळ्या आणल्या आणि दहा पोत्यांमध्ये मिळून सहा ठेवल्या. रात्री पाऊस चालू असल्याने दारे-खिडक्या बंद होत्या. पहाटे फोन आला: "दादा, लेकरं रात्रीपासून उलट्या करायलेत, आता त्यांच्या आईलाही चक्कर यायलीय." आदल्या रात्री आमरस झाला होता, त्यामुळे घरात सगळ्यांनी दोष आंब्यांना दिला, आणि गावातल्या डॉक्टरांनीही जुलाब-उलट्यांचे औषध देऊन सलाईन लावले होते.

मी विचारले, आजींना काय झाले? आजींना काहीच झाले नव्हते, आणि रस तर त्यांनी सगळ्यांत जास्त खाल्ला होता, पण त्या बाहेर ओसरीवर झोपल्या होत्या. आजारी पडले ते फक्त धान्याच्या खोलीला लागून झोपलेले. मांजर पोत्यांजवळ मरून पडले होते. मग मी धान्यात काही ठेवले आहे का, असे विचारले, तेव्हा थोडा वेळ फोनवर कुणी बोलेना.

हिशेब करून पाहू. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलीत साधारण २८ घनमीटर हवा मावते. सहा गोळ्यांमधला ६ ग्रॅम वायू तेवढ्या हवेत मिसळला तर त्याचे प्रमाण दहा लाख भागांत १५० च्या आसपास जाते. तो काही दिवसांत थोडाथोडा सुटतो आणि बराचसा निघूनही जातो, म्हणून एका वेळी त्याचा दहावा भागच हवेत असतो असे धरले, तरी प्रमाण १५ होते. कामगारांसाठी आठ तासांच्या पाळीची सर्वसाधारण मर्यादा ०.३ आहे, म्हणजे हे जवळपास पन्नासपट झाले, आणि तेही झोपलेल्या लेकरांसाठी. पावसाळी दमट हवेत गोळी लवकर फुटते, हे वेगळेच.

लेकरांना जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवले. धाकट्याचा रक्तदाब खाली गेला होता आणि तो चार दिवस अतिदक्षता विभागात होता. दोघेही वाचले. या वायूवर नेमका उतारा असलेले औषध नाही. डॉक्टर रक्तदाब, श्वास आणि हृदय सांभाळत राहतात, म्हणून पोहोचायला लागलेला वेळ फार महत्त्वाचा ठरतो.

घरातल्या अनेकांना एकाच वेळी उलट्या, डोकेदुखी, चक्कर, छातीत आवळल्यासारखे होणे किंवा धाप लागणे सुरू झाले आणि घरात कुठेही गोळी असेल, तर अन्नाचा विचार मागे ठेवावा. सगळ्यांना ताबडतोब उघड्यावर न्यावे, पोती उचलायला कुणीही पुन्हा आत जाऊ नये, १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे की धान्याच्या गोळीचा वायू लागला आहे. थोडे बरे वाटले म्हणून लगेच घरी परतू नये, कारण त्रास काही तासांनी वाढू शकतो.

"वास आला की कळेलच," हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकते. लसणासारखा किंवा कार्बाइडसारखा वास येतो हे खरे, पण वायू धोक्याच्या पातळीला असतानाही तो जाणवेलच असे नाही, आणि झोपलेल्याला तर नाहीच.

याच गोळ्या उंदराच्या बिळात किंवा ढेकणांसाठी खोलीत ठेवणारेही भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, आधी सगळ्यांना घराबाहेर यायला सांगतो. उरलेली राखाडी भुकटी मोरीत ओतू नये, कारण तीत न फुटलेला अंश राहू शकतो आणि पाणी लागल्यावर तो एकदम वायू सोडतो.

मुळात ही गोळी सुटी मिळायलाच नको. नियमाप्रमाणे ती सरकारी यंत्रणांना आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या धुरी व्यावसायिकांनाच विकता येते, आणि १० व २० गोळ्यांच्या नळ्यांवर तर पूर्ण बंदी आहे. तरीही ती मिळते, आणि घाईतल्या माणसाला तीच हवी असते. गोदामात आम्ही थप्पीवर जाड आच्छादन टाकतो, कडा वाळूच्या नळ्यांनी दाबतो, दाराला कुलूप आणि धोक्याचा फलक लावून कित्येक दिवस कुणाला आत जाऊ देत नाही. तागाच्या पोत्यात वायू टिकत नाही, त्यामुळे वरचे सोंडे मरतात, पण दाण्याच्या आतली अंडी आणि कोष वाचतात, आणि महिन्याभरात तीच ज्वारी पुन्हा हलू लागते. म्हणजे धोका पत्करूनही काम अर्धवटच होते.

मी स्वतः घरी काय करतो ते सांगतो. एप्रिल-मे महिन्यातल्या कडक उन्हात ज्वारी आणि गहू ताडपत्रीवर पातळ पसरून तीन दिवस वाळवतो. दाणा दाताखाली धरल्यावर कट्ट असा आवाज करून तुटला पाहिजे. चेपला तर आणखी एक दिवस. मग धान्य सावलीत पूर्ण निववतो, कारण गरम धान्य भरले की आत घाम धरतो आणि बुरशी येते. कणगी किंवा कोठी रिकामी करून फटींतला जुना भुसा खरवडून काढतो, कारण नव्या धान्याला लागणारी कीड बहुधा तिथूनच येते.

यानंतर हवाबंद पिशव्या. आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणि बाहेर विणलेले पोते, असे तीन थर असतात. धान्य दाबून भरायचे, हवा काढायची आणि प्रत्येक पिशवीचे तोंड पिळून वेगवेगळे बांधायचे. आतल्या किड्यांनी प्राणवायू संपवला की ते आपोआप गुदमरतात. पहिला महिनाभर पिशवी उघडायची नाही, आणि नेमके हेच लोकांना जमत नाही; आठव्या दिवशी उघडून बघतात आणि मग पिशवीलाच नावे ठेवतात. ओले धान्य यात कुजते आणि उंदराने एक भोक पाडले तरी उपयोग संपतो, म्हणून पिशव्या फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवाव्यात.

तूर आणि हरभऱ्याच्या डाळीला किलोमागे चमचाभर खाण्याचे तेल चोळले तर भुंग्याची अंडी फारशी टिकत नाहीत. कडुनिंबाचा वाळलेला पाला थोडी मदत करतो, पण लागलेली कीड त्याने जात नाही. पावसाळ्यात कीड लागलीच, तर ते पोते बाकीच्यांपासून वेगळे करून चाळावे, ऊन मिळेल त्या दिवशी तापवावे आणि आधी तेच खाऊन संपवावे. पन्नास पोत्यांचा साठा असेल तर परवानाधारक माणसाला बोलवावे, आणि तो राहत्या घरात धुरी द्यायला तयार झाला तर त्यालाही परत पाठवावे.