रविवारची मिसळ आणि आठवड्याचा हिशेब

डाएट सहा दिवस नीट चालतं आणि रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडच्या बाजूला मिसळीला गेलं की फसतं. बहुतेक वेळा दोष मिसळीचा नसतो. "आज चीट डे" असं म्हटलं की दिवसभराला मोकळं रान मिळतं, घोळ तिथे होतो.

आधी आकडे मांडा. समजा वजन स्थिर ठेवायला तुम्हाला रोज 2200 कॅलरी लागतात आणि तुम्ही 1800 खाता. सहा दिवसांत 2400 ची तूट साठते. आता रविवार: तर्री-फरसाणाची मिसळ, पाव, वर दही आणि जिलबी, अंदाजे 1000. दुपारी घरचं जेवण आणि आंबरस, रात्री मित्रांबरोबर हॉटेल. बेरीज सहज 3800 होते, म्हणजे गरजेपेक्षा 1600 जास्त. तूट उरली फक्त 800. सहा दिवसांच्या मेहनतीतले चार दिवस एका दिवसात गेले.

तीच मिसळ खाऊन दुपारी ताक आणि कोशिंबीर, रात्री भाकरी-पिठलं असं 800 मध्ये बसवलं, तर दिवस 1800 चाच राहतो. एका मोठ्या जेवणाने आठवडा बुडत नाही, त्यामागून येणाऱ्या दोन जेवणांनी बुडतो.

रीफीड म्हणजे ठरवून जास्त खाणं. त्या दिवशी 1800 वरून 2200 वर जायचं, त्यापुढे नाही. वाढीव 400 मुख्यतः कर्बोदकांतून घ्यायचे: साधारण 250 ग्रॅम शिजलेला भात आणि 100 ग्रॅम द्राक्षं, झालं. (द्राक्षं तर आपल्याच गावची.) तेल-तूप मात्र नेहमीइतकंच ठेवा; चमचाभर जास्तीच्या तेलात शंभरेक कॅलरी निघून जातात. भात शनिवारीच ठरवा आणि पहिल्यांदा तरी वजनकाट्यावर मोजा, कारण "दोन वाट्या" प्रत्येक घरात वेगळ्या असतात. जड व्यायामाचा दिवस निवडला तर भात कामी येतो. एका दिवसाने चयापचय पेटतो, हे जिममधलं बोलणं मात्र मनावर घेऊ नका.

सोमवारी काटा किलोभर वर दिसेल. घाबरून उपास करू नका. शरीर कर्बोदकं ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरतं, त्यात तर्रीचं मीठ. वरच्या चीट डेचे 1600 सगळे चरबी झाले असं धरलं तरी ती 200 ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणून वजन गुरुवारी सकाळी पाहा. तोवर पाणी उतरलेलं असतं. तेव्हाही आकडा वरच असेल आणि तीन-चार आठवडे असंच चाललं असेल, तर रविवारची बेरीज पुन्हा करा. बहुधा फरसाण मोजायचं राहिलेलं असतं.

मधुमेहाचं इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर भात वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि एकदा खायला सुरुवात केली की थांबताच येत नाही असं होत असेल, तर तुमच्यासाठी चीट आणि रीफीड दोन्ही नकोत. आठवडाभर रोज 1900-2000 खाल्लेलं बरं.